अगरबत्ती, कॉइल आणि लहान मुलाची झोपायची खोली: हवा खरंच किती बिघडते?

आधी थेट उत्तर देते, कारण ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांना आधी तेच हवं असतं. हो, दोन्ही हवा बिघडवतात. पण दोघांना एकाच पारड्यात तोलू नका. खिडकी उघडी ठेवून दिवसातून एक अगरबत्ती लावणं वेगळं, आणि दारं-खिडक्या बंद करून रात्रभर बाळाच्या उशाशी कॉइल जळत ठेवणं वेगळं. पहिल्यासाठी रात्रीची झोप उडवून घ्यायची गरज नाही, दुसरी गोष्ट मात्र आज रात्रीपासूनच बदला असं मी म्हणेन. का ते खाली नीट सांगते, थोडा हिशोबही करून दाखवते, घाबरू नका, भागाकाराच्या पुढे काही नाहीये त्यात.

या दोन वस्तूंचं मूळ एकच आहे. जपानमध्ये एइचिरो उएयामा नावाच्या उद्योजकाने १८९० मध्ये शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची पूड, जी किड्यांना मारते, ती अगरबत्तीच्या मिश्रणात घालून डासांसाठी काडी बनवली. अडचण एकच होती, काडी साधारण ४० मिनिटांत संपायची आणि डास काही ४० मिनिटांनी घरी जात नाहीत. मग १८९५ च्या सुमारास त्यांच्या पत्नी युकी यांनी सुचवलं की काडी लांब करा आणि गुंडाळा, आणि तिथून वेटोळ्याची कॉइल आली. म्हणजे कॉइल ही मुळात एक लांबच लांब अगरबत्तीच आहे, जी आठ तास जळते. हे ‘आठ तास’ लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता जळणारी कॉइल एकदा जवळून बघा, म्हणजे दुरून, पण नीट. टोकाला लाल निखारा असतो, तिथे तापमान कित्येकशे अंश असतं. त्या निखाऱ्याच्या लगेच मागे, काही मिलिमीटरवर, कॉइल अजून हिरवी किंवा काळी दिसते पण ती तापलेली असते, आणि डासांचं औषध खरं तर तिथून वाफ होऊन निघतं. ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन अशी नावं पाकिटावर बारीक अक्षरात असतात, ते हे औषध. ते कॉइलमध्ये असतं किती, तर वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. बाकीचा सगळा ऐवज म्हणजे लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड, स्टार्च, रंग. म्हणजे डासाला त्रास देतं ते चिमूटभर औषध, आणि ती चिमूट गरम करायला आपण उरलेला ९९ टक्के भुसा रात्रभर धुमसत ठेवतो. धूर हा औषधाचा भाग नाही, तो फक्त त्या चुलीचा धूर आहे. ‘हर्बल कॉइल’, ‘नॅचरल कॉइल’ असं लिहिलं असलं तरी म्हणूनच मला त्यात फार अर्थ वाटत नाही, औषध कुठलंही असो, भुसा तर तोच जळणार.

अगरबत्तीचंही तसंच आहे. बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची आणि लाकडाची पूड, चिकटवायला झाडाच्या सालीची पूड, वर सुगंधी तेल. ती ज्योतीने जळत नाही, धुमसते. आणि धुमसणं हाच सगळ्यात घाण जळण्याचा प्रकार आहे, कारण उष्णता कमी, ऑक्सिजन अपुरा, त्यामुळे लाकूड पूर्ण जळत नाही आणि अर्धवट जळालेलं सगळं धुरातून बाहेर येतं. त्या धुरात बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, फॉर्माल्डिहाइड आणि बेन्झीनसारखे वायू असतात. या बारीक कणांनाच पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. अगरबत्तीच्या धुरातले बरेचसे कण तर अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक असतात, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात.

तुम्ही एक वाक्य नक्की ऐकलं असेल, ‘एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेट’. फॉरवर्डमध्ये फिरतं ते, आणि आई-बाबांची झोप उडवतं. हे वाक्य हवेतून आलेलं नाही. २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात वेगवेगळ्या कॉइल जाळून धूर मोजला तेव्हा एका कॉइलमधून निघणाऱ्या बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेट जाळल्यावर निघणाऱ्या कणांएवढं भरलं. फॉर्माल्डिहाइड काही कॉइलमध्ये ५१ सिगारेटींएवढं होतं. पण त्याचा अर्थ तुमच्या बाळाने रात्रीत शंभर सिगारेटी ओढल्या असा होत नाही. सिगारेट ओढणारा माणूस धूर थेट छातीत ओढतो. इथे धूर खोलीत पसरतो, पातळ होतो, काही बाहेर जातो, काही भिंतीवर-गादीवर बसतो, आणि उरलेल्यातला थोडा भाग श्वासात जातो. आणि कणांचं वजन सारखं म्हणजे त्यातली रसायनंही सारखी असंही नाही. म्हणून ते वाक्य ‘किती धूर निघतो’ याबद्दल खरं आहे, ‘बाळाच्या आत किती गेला’ याबद्दल नाही. आत किती गेला ते ठरवतात तीन गोष्टी: धूर किती वेळ निघत राहिला, खोली केवढी, आणि हवा किती वेगाने बदलते.

चला, हिशोब करू. दहा बाय दहाची खोली घ्या, उंची पण दहा फूट. म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. एका अगरबत्तीवरचा मसाला अंदाजे एक ग्रॅम धरू, आणि ती ४० मिनिटं जळते. जुन्या मोजण्यांमध्ये अगरबत्तीच्या एका ग्रॅममागे सरासरी ४५ मिलिग्रॅम कण निघाल्याची नोंद आहे, ब्रँडप्रमाणे हा आकडा भरपूर बदलतो, म्हणून आपण हात आखडून ३० मिलिग्रॅम धरू. कॉइलचं वजन १२ ग्रॅम, आठ तास जळणार, आणि तिच्या एका ग्रॅममागे फक्त २० मिलिग्रॅम कण धरू. हे मी मुद्दाम कमी धरतेय, म्हणजे कोणी म्हणू नये की घाबरवायला आकडे फुगवले.

तर अगरबत्तीतून एकूण ३० मिलिग्रॅम. कॉइलमधून २४० मिलिग्रॅम. गंमत बघा, ताशी बघितलं तर अगरबत्ती जास्त घाण आहे, तासाला ४५ मिलिग्रॅमच्या वेगाने धूर सोडते, कॉइल तासाला ३०. पण अगरबत्ती ४० मिनिटांत विझते आणि कॉइल पहाटेपर्यंत चालू राहते. फरक तिथे पडतो.

आता खिडकी. दारं-खिडक्या बंद असताना फटींमधून हवा थोडी तरी बदलत असते, तासाला साधारण अर्धी खोली धरा. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि दार नीट उघडं असेल तर तासाला पाच वेळा हवा बदलते असं धरू, वारा असेल तर त्याहून जास्त. शिवाय काही कण आपोआप जमिनीवर, भिंतीवर बसतात, तेही मी थोडे धरलेत. हे सगळं घालून, मूल पूर्ण वेळ त्याच खोलीत आहे असं मानून, २४ तासांची सरासरी काढली की असं येतं (एकक मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, बाहेरच्या हवेतली घाण यात धरलेली नाही, ती वेगळी): उघड्या खोलीत अगरबत्तीने साधारण ९ ची भर पडते, बंद खोलीत ६४ ची. उघड्या खोलीत कॉइलने ६९ ची, आणि बंद खोलीत ५१० ची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी मार्गदर्शक पातळी दिली ती २४ तासांच्या सरासरीसाठी १५ आहे.

हे चार आकडे थोडा वेळ बघा, मला तरी यातच सगळं उत्तर दिसतं. उघड्या खोलीतली रात्रभराची कॉइल आणि बंद खोलीतली एक अगरबत्ती जवळजवळ सारख्याच. म्हणजे वस्तू कुठली याइतकंच खिडकी काय करतेय हेही महत्त्वाचं. आणि बंद खोलीतली कॉइल ही वेगळ्याच गटातली गोष्ट आहे, ती मार्गदर्शक पातळीच्या तीसपटींहून वर जाते आणि रात्रभर खोलीतली पातळी १५०० च्या आसपास टिकून राहते. तुमची खोली मोठी असेल, कॉइल दुसरी असेल तर आकडे खाली-वर होतील, निम्मे होतील किंवा दुप्पट होतील, पण ढोबळ चित्र बदलणार नाही.

अजून एक गोष्ट या हिशोबातून निघते जी सहसा कोणी सांगत नाही. अगरबत्ती विझली म्हणजे धूर संपला असं होत नाही. बंद खोलीत कण निम्मे व्हायला जवळपास एक तास लागतो, मग उरलेल्याचे निम्मे व्हायला अजून एक तास, असं करत हवा मूळपदावर यायला पाच-सहा तास जातात. खिडक्या उघड्या असतील तर तेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. म्हणून ‘अगरबत्ती संपल्यावर बाळाला आत आणलं’ यात फार अर्थ नाही, ‘खिडकी उघडून तासभर हवा खेळू दिली, मग आणलं’ यात आहे.

आणि एसी. बऱ्याच जणांना वाटतं एसी चालू आहे म्हणजे हवा ताजी होतेय. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तो खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. त्यात थंडावा जाऊ नये म्हणून आपण फटीसुद्धा बुजवलेल्या असतात. एसीच्या बंद खोलीत कॉइल म्हणजे माझ्या वरच्या चौथ्या आकड्यापेक्षाही वाईट स्थिती. हे कृपया कधीच करू नका, कारण तिथे नुसते कण नाहीत, कार्बन मोनॉक्साइडही साठतो आणि त्याला ना रंग ना वास.

मुलांसाठी वेगळी काळजी का, तर नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. वजनाच्या मानाने बाळाच्या छातीतून कितीतरी जास्त हवा जाते, श्वासनलिका अरुंद असतात, थोडी सूज आली तरी घरघर सुरू होते. आणि बाळ दिवसातला बहुतेक वेळ त्याच एका खोलीत झोपलेलं असतं, आपण कामाला बाहेर तरी पडतो. ज्या मुलाला दमा आहे किंवा सर्दीत दरवेळी छाती वाजते, त्याच्या खोलीत मी अगरबत्ती, धूप, कॉइल, काहीच लावू देणार नाही, उघड्या खिडकीचा हिशोब त्याच्यासाठी नाही. धुराने दमा उसळतो यात शंका ठेवायला जागाच नाही.

दूरच्या परिणामांबद्दल विचाराल तर सिंगापूरमधला एक मोठा अभ्यास आहे, ६१ हजारांहून जास्त लोकांवर, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. वर्षानुवर्षं घरात अगरबत्ती लावणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या काही विशिष्ट कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं. एकूण फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मात्र तशी वाढ दिसली नाही. आणि ही सगळी प्रौढ माणसं होती, दशकानुदशकं रोज वापरणारी. म्हणजे तुमच्या घरी गेल्या आठवड्यात चार अगरबत्त्या लावल्या म्हणून बाळाला काहीतरी होईल असा अर्थ त्यातून काढू नका, पण रोजची सवय असेल तर ती कमी करायला हे कारण पुरेसं आहे.

तुमच्या खोलीत किती साठतंय ते कळायचा साधा मार्ग म्हणजे सकाळी उठल्यावर बाहेर जा, दहा मिनिटं मोकळ्या हवेत थांबा, मग परत झोपायच्या खोलीत या. आत असताना नाकाला वास येणं बंद झालेलं असतं, बाहेरून आल्यावर तो एकदम जाणवतो. कॉइल ठेवतो त्याच्या वरची भिंत, पंख्याच्या पात्यांची कड, पडद्याचा वरचा भाग बघा, तिथे काळपट तेलकट थर असेल तर तोच धूर आहे. मुलाला खोकला फक्त रात्री किंवा पहाटे येतो आणि आजोळी गेल्यावर थांबतो, हेही लक्ष देण्यासारखं आहे, आणि असं असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. छोटं एअर क्वालिटी मीटर असेल तर उत्तमच, फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्यातला सेन्सर सहसा फक्त कण मोजतो, कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्माल्डिहाइड मोजत नाही, आणि धुरात किंवा दमट हवेत आकडा बराच चुकतो. त्यामुळे नेमका आकडा न बघता कॉइल लावण्याआधी किती होता आणि नंतर किती झाला हा फरक बघा. एअर प्युरिफायरचंही तेच, तो कण पकडतो पण वायू फारसे पकडत नाही. एकीकडे कॉइल आणि दुसरीकडे प्युरिफायर म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

‘बिनधुराची कॉइल’ मिळते, तिच्याबद्दल खूप जण विचारतात. दिसणारा धूर कमी असतो हे खरं, वजनाने कणही कमी निघू शकतात. पण जे उरतात ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि तिच्यात भुशाऐवजी कोळशाची पूड जळते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आहेच. धूर दिसत नाही म्हणून आपण खिडकी लावून घेतो, माझ्या मते तोच तिचा खरा धोका.

बरं, मग कॉइल फेकून द्यायची का? इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण हा लेख वाचून कोणी आज कॉइल बंद केली आणि डासांसाठी दुसरं काहीच केलं नाही तर ते बाळासाठी जास्त वाईट. मलेरिया आणि डेंगी ही खरी, या महिन्यात होऊ शकणारी आजारपणं आहेत. म्हणून आधी मच्छरदाणी आणा, मग कॉइल बंद करा, क्रम हाच. बाळाच्या पाळण्याला बसेल अशी किंवा सगळ्यांच्या गादीवरून खाली येईल अशी, कडा गादीखाली नीट खोचलेली, आणि रोज संध्याकाळी उजेडात धरून भोक आहे का बघितलेली. डास फक्त भोकातूनच येतात असं नाही, आपण रात्री पाणी प्यायला उठतो तेव्हा उघड्या राहिलेल्या कडेतूनही येतात. दाणीला अंग टेकलं तर डास बाहेरूनही चावतो, म्हणून ती जरा ऐसपैस घ्या. दाणीबाहेर पंखा चालू ठेवला तर अजून चांगलं, डास हलका असतो, वाऱ्यात नीट उडू शकत नाही.

आणि डेंगी पसरवणारा डास मुख्यतः दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी. रात्रभर जळणारी कॉइल त्याच्यावर जवळपास वायाच जाते. त्याच्यासाठी बाळाच्या दुपारच्या झोपेलाही दाणी लावा, आणि घरातलं साठलेलं पाणी, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. घासायचं एवढ्यासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात.

भिंतीत लावायच्या लिक्विड मशीनमध्ये काही जळत नाही, औषध फक्त गरम होऊन वाफ होतं, त्यामुळे धुराच्या बाबतीत ते कॉइलपेक्षा खूपच बरं. औषध मात्र हवेत असतंच, म्हणून बाळाच्या डोक्याजवळच्या सॉकेटमध्ये नको आणि खिडकी थोडी उघडी हवी. रिफिलची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, ही गोष्ट अगदी गंभीरपणे घ्या. त्यातलं द्रावण रॉकेलच्या जातीचं असतं, मूल प्यायलं तर उलटी करवायची नाही, कारण उलटीबरोबर ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बाटली हातात घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. अंगाला लावायच्या क्रीमचं सांगायचं तर डीट असलेली क्रीम दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला लावत नाहीत, आणि लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांच्या आत नको. लावली तरी हातांना नाही, बाळ हात तोंडात घालतं.

काही घरांत लगेच दाणी बसवणं जमत नाही हे मला कळतं, जागा नसते, भाड्याच्या खोलीत हुक मारता येत नाहीत. अशा वेळी कॉइल वापरायचीच असेल तर ती खोलीत नको, खिडकीच्या किंवा दाराच्या बाहेर ठेवा, जिथून वारा धूर आत आणणार नाही. ते शक्य नसेल तर कॉइलचा छोटा तुकडा मोडून घ्या, तासभर जळेल एवढाच, आणि बाळ दुसरीकडे असताना संध्याकाळी रिकाम्या खोलीत लावा. विझली की पंखा लावून खिडक्या उघडून तासभर हवा खेळू द्या, खिडकीला जाळी असेल तर काम अजून सोपं होतं, मग बाळाला आत घ्या. रात्रभराच्या आठ तासांऐवजी एक तास, तोही बाळ खोलीत नसताना, त्यामुळे वरच्या ५१० मधला जवळजवळ सगळा भाग गळून पडतो. स्टँड धातूचा हवा, आणि पडदा, चादर, दाणीची कड त्याच्यापासून हातभर तरी लांब.

अगरबत्तीचं त्या मानाने सोपं आहे. बाळ झोपतं त्या खोलीत लावू नका, दुसऱ्या खोलीत खिडकीजवळ लावा आणि मधलं दार ओढून घ्या. अख्खी काडी जाळायलाच हवी असंही नाही, अर्धी मोडून लावली तर धूरही अर्धाच होतो.

रात्री बाळ मध्येच घरघर करायला लागलं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, नाकपुड्या फुलू लागल्या किंवा दूध ओढताना धाप लागली तर कॉइल विझवून खिडकी उघडा आणि सकाळची वाट न बघता बाळाला डॉक्टरांकडे न्या.